आयसोलेटेड आणि नॉन-आयसोलेटेड अ‍ॅनालॉग इनपुट कार्ड : काही महिन्यांच्या वापरानंतर

एकाच पॅनेलमध्ये पीएलसीची आठ-आठ चॅनेलची दोन अ‍ॅनालॉग इनपुट कार्डं शेजारी शेजारी चालू आहेत. एक साधं, म्हणजे सगळ्या चॅनेलची ऋण बाजू आत एका कॉमनला जोडलेलं. दुसरं प्रत्येक चॅनेल वेगळं आयसोलेट केलेलं, म्हणजे बाकीच्यांशी विद्युत जोड नसलेलं. दोन्हींवर ४-२० मिलिअँपचे लेव्हल आणि प्रेशर ट्रान्समीटर आहेत, बहुतेक टू-वायर, आणि पाण्याच्या लाइनवरचे दोन इलेक्ट्रोमॅग्नेटिक फ्लोमीटर, जे फोर-वायर आहेत. आयसोलेटेड कार्ड महाग आहे, जास्त गरम होतं आणि त्याचा स्कॅनही संथ आहे. तरी ते कुठे घ्यावं आणि कुठे पैसे वाया जातात, हे आता बऱ्यापैकी स्पष्ट झालं आहे.

आधी डेटाशीटबद्दल. त्यात ‘५०० व्होल्ट आयसोलेशन’ लिहिलेलं असलं की काम झालं असं वाटतं. पण ते आयसोलेशन कशाचं कशापासून, हे पाहावं लागतं. बऱ्याच कार्डांमध्ये ते फील्डची बाजू आणि बॅकप्लेन यांच्यातलं असतं. चॅनेल-चॅनेलमध्ये काहीच नसतं. असं कार्ड सीपीयूला वाचवतं, शेजारच्या चॅनेलला वाचवत नाही. चॅनेल ते चॅनेल असा आकडा वेगळा दिला नसेल, तर ते नाही असं धरूनच वायरिंग करावं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. टू-वायर ट्रान्समीटरला स्वतःचा सप्लाय नसतो, तो लूपमधूनच जगतो. सगळ्या लूपना एकाच २४ व्होल्ट सप्लायवरून वीज दिली, तर प्रत्येक लूपचा परतीचा टोक त्याच शून्य व्होल्टच्या बसवर येतो. मग आयसोलेटेड कार्डाची आठही चॅनेल बाहेर बसवर एकत्र जोडली गेलेली असतात. ज्याच्यासाठी जादा पैसे मोजले तेच वायरिंगने काढून टाकलं. म्हणून टू-वायर लूप एका सप्लायवर असतील तर साधं कार्ड पुरेसं आहे, आणि काही महिन्यांत दोन्ही कार्डांवरच्या टू-वायर चॅनेलच्या वाचनात फरक म्हणावा असा दिसला नाही. अपवाद एकच : काही आयसोलेटेड कार्डं प्रत्येक चॅनेलला आपला स्वतंत्र लूप सप्लाय देतात, तिथे आयसोलेशन टिकतं.

खरा फरक पडतो तो फोर-वायर ट्रान्समीटरने. फ्लोमीटर स्वतः मेन्सवर चालतो आणि करंट तोच ढकलतो. त्याच्या आउटपुटची ऋण बाजू काही मॉडेलमध्ये बॉडीशी, म्हणजे पाइपच्या अर्थशी जोडलेली असते. पॅनेलमध्ये शून्य व्होल्टही अर्थ केलेलं असतं. आता पाइपजवळची अर्थ आणि पॅनेलची अर्थ यांत समजा ०.५ व्होल्ट फरक आहे. परतीच्या तारेचा आणि कॉमनपर्यंतच्या वाटेचा एकूण रोध ४ ओहम धरला, तर १२५ मिलिअँपचा फिरता करंट तयार होतो, आणि तो कार्डाच्या कॉमनमधूनच जातो. कॉमनच्या टर्मिनलपासून आतल्या संदर्भबिंदूपर्यंत ०.१ ओहम असला तरी १२.५ मिलिव्होल्टचा ड्रॉप पडतो. कार्ड ज्या रोधावर करंट मोजतं त्या २५० ओहमच्या शंटवर ४-२० मिलिअँपचा स्पॅन ४ व्होल्टचा असतो, म्हणजे चूक सुमारे ०.३ टक्के. पाच मीटरच्या टाकीत हे दीड सेंटिमीटर झालं.

०.३ टक्के फार नाही, पण लक्षण ओळखण्यासारखं आहे : एक चॅनेल नाही, कार्डावरची सगळी चॅनेल एकाच दिशेला आणि सारखीच सरकतात. एखादा मोठा पंप चालू झाला की सरकतात, बंद झाला की परत येतात. असं दिसलं तर ट्रान्समीटर कॅलिब्रेट करायला धावू नये. संशयित फोर-वायरच्या दोन्ही तारा कार्डापासून सोडाव्यात. बाकीची वाचनं तत्काळ सावरली, तर दोषी मिळाला. इथे ५० हर्ट्झचा फिल्टर लावून आकडा स्थिर दिसू लागतो, पण डीसी फरक त्यातून गाळला जात नाही, तो तसाच राहतो.

याला उपाय दोन. फोर-वायरची चॅनेल चॅनेल-आयसोलेटेड कार्डावर घेणं, किंवा एकच असेल तर त्याच्यासाठी एक लूप-पॉवर्ड सिग्नल आयसोलेटर बसवणं. असा आयसोलेटर लूपमधूनच दोन-तीन व्होल्ट खातो. सक्रिय, म्हणजे करंट स्वतः ढकलणाऱ्या, आउटपुटचा परवडणारा भार अनेकदा ५०० ते ७५० ओहम असतो. २५० ओहमचे ५ आणि आयसोलेटरचे ३ मिळून २० मिलिअँपला ८ व्होल्ट, म्हणजे ४०० ओहम, आरामात बसतं. टू-वायरच्या लूपमध्ये मात्र हे तीन व्होल्ट महागात पडतात.

तिथला हिशोब २० नाही, २२ मिलिअँपला करावा, कारण ट्रान्समीटर बिघाड दाखवायला २१ च्या वर जातो. सप्लाय २४ व्होल्ट. शंट ५.५ व्होल्ट. तीनशे मीटर अंतराची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, जाऊन-येऊन सुमारे ७.३ ओहम, म्हणजे ०.१६ व्होल्ट, केबल इथे कधीच अडचण नसते. स्फोटक जागेतल्या लूपची ऊर्जा मर्यादित ठेवणारा झेनर बॅरिअर ३०० ओहमचा असला तर आणखी ६.६ व्होल्ट. ट्रान्समीटरला उरतात ११.७. त्याला १०.५ लागत असतील तर चालतं, १२ लागत असतील तर नाही. सप्लाय पाच टक्के खाली, २२.८ वर आला, तर १०.५ वरचाही ट्रान्समीटर काठावर येतो. हा दोष खाली दिसत नाही : टाकी अर्धी असताना सगळं ठीक, भरत आली की वाचन १८-१९ मिलिअँपवर अडकतं. कमी अँपिअरच्या फ्यूजचा स्वतःचा रोधही यात धरावा. मल्टीमीटरने मोजून घेतला तर आश्चर्य वाटतं.

सप्लायची क्षमता काढताना टू-वायर किरकोळ असतात. आठ लूप २२ मिलिअँपने १७६ मिलिअँप. पण १५ वॅटचा एक फोर-वायर फ्लोमीटर २४ व्होल्टवर चालवला तर तो एकटाच ०.६ अँपिअरच्या वर खातो, सुरुवातीचा झटका वेगळाच. त्याची फीड वेगळ्या फ्यूजवर घ्या, लूपच्या फ्यूजवर टाकू नका.

जोडणीतली सर्वांत सामान्य चूक म्हणजे सक्रिय आउटपुट सक्रिय इनपुटला, म्हणजे लूपला स्वतः सप्लाय देणाऱ्या इनपुटला, जोडणं. दोन्हीकडून २४ व्होल्ट आले की वाचन शून्यावर किंवा वरच्या टोकाला चिकटतं. शंटवर २४ व्होल्ट थेट आले तर ९६ मिलिअँप आणि २.३ वॅट होतात, आणि कार्डात करंट लिमिट नसेल तर शंट जळतो. म्हणून फील्डच्या तारा कार्डापासून सोडून, ट्रान्समीटर चालू असताना त्यांच्यात व्होल्टेज मोजावं. वीस-बावीस आलं तर आउटपुट सक्रिय आहे, शून्य आलं तर निष्क्रिय, आणि त्याला सप्लाय तुम्हीच द्यायचा. अनेक फोर-वायर मीटरमध्ये सक्रिय आणि निष्क्रिय अशी दोन्ही टर्मिनलं शेजारी असतात, त्यामुळे ‘फोर-वायर आहे म्हणजे सक्रियच’ असंही धरू नये.

शेवटचा सापळा, लूपमध्ये कार्डाच्या जोडीला रेकॉर्डर लावला असेल तर. दोघांची ऋण बाजू अर्थ असेल, तर लूपमधल्या वरच्या उपकरणातून करंट थेट अर्थला उतरतो आणि खालच्याला शून्य दिसतं. ट्रान्समीटर ठीक, केबल ठीक, वरचं वाचनही बरोबर, फक्त एक आकडा मेलेला. अशा लूपमध्ये दोघांपैकी एक इनपुट आयसोलेटेड हवाच, आणि तो लूपच्या वरच्या बाजूला लावावा.