ऑलिंपिकचा पाठ: जून ते फेब्रुवारी, तीन तुकड्या आणि एक दोरी

इतिहास आणि शारीरिक शिक्षण हे दोन्ही विषय माझ्याकडे आहेत. त्यामुळे ऑलिंपिक मूल्ये आणि खेळांचा इतिहास हा तयार पाठ हाती आला तेव्हा वाटलं, एका दगडात दोन पक्षी. पाठात काय होतं ते आधी सांगते: चोवीस चित्रकार्डं, एका पानावर छापलेली कालरेषा, उत्कृष्टता, मैत्री आणि आदर या तीन मूल्यांचे रंगीत स्टिकर, शेवटी दहा चर्चाप्रश्न. मूळ मजकूर इंग्रजीत होता, मराठी मी घरी बसून केला. सातवीची एक आणि आठवीच्या दोन तुकड्यांवर जूनपासून आळीपाळीने वापरला. आता फेब्रुवारी संपत आलाय आणि कार्डांचे कोपरे दुमडलेत, म्हणजे लिहायला हरकत नाही.

पाठावर लिहिलंय ‘एक तास, पंचेचाळीस मिनिटं’. आमचा तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली पाच हजेरीत जातात. मला चार तास लागले. नीट करायचं असेल तर त्याहून कमी धरू नका.

सगळ्यात मोठी तक्रार कालरेषेबद्दल आहे. छापील पानावर सगळे चौकोन सारख्या अंतरावर होते. पहिला इसवी सन पूर्व 776, म्हणजे ऑलिंपियातल्या स्पर्धेचं परंपरेने मानलं जाणारं पहिलं वर्ष. दुसरा इसवी सन 393, रोमन सम्राट थिओडोसियसच्या काळात स्पर्धा बंद पडल्या तो सुमार. तिसरा 1896, अथेन्सची पहिली आधुनिक स्पर्धा. मग 1900, 1920 वगैरे. पोरांनी पाच मिनिटांत चौकोन भरले आणि वह्या मिटल्या. मी विचारलं, प्राचीन स्पर्धा जास्त वर्षं चालल्या की आधुनिक? अर्धा वर्ग ‘आधुनिक’ म्हणाला. त्यांचं काय चुकलं? पानावर आधुनिक चौकोनच जास्त होते.

म्हणून दुसऱ्या तुकडीला मी ते पान दिलंच नाही. मैदानावर नेलं. एक वर्ष म्हणजे पाच सेंटिमीटर असं ठरवलं आणि गणित त्यांनाच करायला लावलं. इसवी सन पूर्व 776 ते 393 ही वर्षं 1168, म्हणजे साधारण साडेअठ्ठावन्न मीटर. तिथून 1896 पर्यंत 1503 वर्षं, पंचाहत्तर मीटर. आणि 1896 ते 2024 ही आपली सगळी आधुनिक स्पर्धा, 128 वर्षं, फक्त सहा मीटर चाळीस सेंटिमीटर. एकूण एकशे चाळीस मीटर. आमचा ट्रॅक दोनशे मीटरचा, त्यामुळे बसलं. तीस मीटरची टेप, फक्कीची बादली आणि दोन तास एवढ्यात काम झालं. इथे एक चूक हमखास होते. मुलं 776 आणि 393 सरळ मिळवतात आणि एक वर्ष जास्त येतं, कारण इसवी सन शून्य असं वर्षच नाही. सातवीत मी ते सोडून दिलं, पाच सेंटिमीटरचाच फरक आहे. आठवीत मात्र एका मुलाने फक्कीच्या रेघेवर उभं राहून बाकीच्यांना समजावलं, तेव्हा मी मध्ये बोलले नाही.

मग चालायला लावलं. पहिल्या टप्प्यावर सांगायला पुष्कळ होतं. पहिल्या नोंदीतला विजेता कोरोइबोस हा एलिसचा आचारी होता. शर्यत एकच, स्टेडियमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सुमारे 192 मीटर. आमच्या ट्रॅकची एक फेरी त्याहून थोडीच मोठी, त्यामुळे ‘एवढंच?’ असा आवाज आला, मग दोघांनी पळून दाखवलं. नंतरचे पंचाहत्तर मीटर काहीच नाही. ना कार्ड, ना खूण. मुलं चालतायत, बडबड हळूहळू कमी होतेय, आणि मागून कोणीतरी म्हणालं, “बाई, अजून किती?” माझ्या दृष्टीने त्या तासाचं सगळं काम त्या एका प्रश्नाने केलं. शेवटच्या सहा मीटरमध्ये सगळी मुलं दाटीवाटीने उभी राहिली आणि कार्डं एकमेकांवर चढली.

ती दाटी सोडवायला दोरी आली. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात नायलॉनची दोरी बांधली, वर्षाला दहा सेंटिमीटर, म्हणजे 1896 ते 2024 साठी बारा मीटर ऐंशी सेंटिमीटर. कार्डं कपड्यांच्या चिमट्यांनी लावली. सुतळी वापरू नका, चार दिवसांत झोळ पडतो आणि सगळी मापं बिघडतात. दर चाळीस सेंटिमीटरवर एक ऑलिंपिक येतं. एका गटाने 1936 च्या पुढे चाळीस सेंटिमीटर मोजून 1948 चं कार्ड लावलं, दुसऱ्याने ते काढून एक मीटर वीसवर नेलं. भांडण माझ्यापर्यंत आलं. 1940 आणि 1944 च्या स्पर्धा दुसऱ्या महायुद्धामुळे झाल्याच नाहीत हे मी सांगायच्या आधी, दोरीवर एवढी जागा का सुटली हे त्यांना हवं होतं. मग त्यांनीच 1912 आणि 1920 च्या मधलं ऐंशी सेंटिमीटरचं भोक शोधलं.

आता स्टिकरबद्दल. हा भाग मला पटला नाही. प्रत्येक कार्डावर एक मूल्य चिकटवायचं, आणि तिन्ही तुकड्यांत मुलांनी निम्म्याहून जास्त कार्डांवर ‘आदर’ लावलं, कारण आदर कुठेही चालतो. शिवाय त्या स्टिकरांनी गोष्टी सपाट होतात. सगळ्यात वाईट उदाहरण 1936 च्या बर्लिनच्या कार्डाचं. कार्डावर लिहिलं होतं की लांब उडीच्या पात्रता फेरीत जेसी ओवेन्सच्या दोन उड्या फाऊल गेल्या, तेव्हा जर्मनीच्या लुट्झ लाँगने त्याला जवळ येऊन फळीच्या थोडं मागून उडी घे असं सुचवलं, आणि खाली स्टिकर ‘मैत्री’. ही गोष्ट ओवेन्सने स्वतः कितीतरी वर्षं सांगितली. पण अभ्यासकांनी तिच्यावर शंका घेतली आहे आणि पात्रता फेरीत ते बोलणं झालंच नव्हतं असं ओवेन्सनेही पुढे कबूल केल्याचं सांगतात. पाठ तयार करणाऱ्यांनी ती खरी घटना म्हणून छापली, याला माझा आक्षेप आहे. इतिहासाच्या तासाला तर नक्कीच.

मी कार्ड फेकलं नाही. फळ्यावर दोन रकाने केले, ‘सगळ्यांनी पाहिलेलं’ आणि ‘एकानेच सांगितलेलं’. पहिल्यात ओवेन्सची 8.06 मीटरची उडी, लाँगची 7.87, हिटलरच्या जर्मनीत त्या स्टेडियममध्ये लाँगने सर्वांसमोर ओवेन्सचं अभिनंदन केलं ते, आणि दोघांचा गवतावर शेजारी पडून गप्पा मारतानाचा फोटो. दुसऱ्यात ती सूचना. मग पाठातला प्रश्न, ‘लाँगच्या जागी तुम्ही असता तर मदत केली असती का?’, खोडून टाकला, कारण त्यावर वर्ग एका सुरात ‘हो बाई’ म्हणतो आणि चर्चा संपते. त्याऐवजी विचारलं: दुसरा रकाना पुसला तर मैत्री उरते का? एक मुलगी म्हणाली, “जास्त उरते. कानात सांगणं सोपं असतं, सगळ्यांसमोर गळ्यात हात टाकणं अवघड.” लाँग 1943 मध्ये सिसिलीत युद्धात लागलेल्या जखमांनी गेला, हे मी त्यानंतर सांगितलं. त्याच चिमट्याला मुलांनी आणखी एक कार्ड अडकवलं: हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताने जर्मनीला 8-1 हरवलं, तारीख 15 ऑगस्ट 1936. तारीख वाचून वर्गात झालेला गोंधळ शेजारच्या वर्गापर्यंत गेला.

पाठात भारत जवळजवळ नाही. चोवीसपैकी हॉकीचं ते एकच कार्ड. हे काम आपल्यालाच करावं लागतं आणि ते अवघडही नाही. आम्ही आठ कोरी कार्डं जोडली. 1920 चं अँटवर्प, जिथे दोराबजी टाटांच्या पुढाकाराने भारताचा पहिला संघ गेला. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारी पोरं बघून त्यांच्या मनात ती कल्पना आली होती. 1952 चं हेलसिंकी, खाशाबा जाधव, कुस्तीत कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. गोळेश्वरचे खाशाबा म्हटल्यावर आमच्या भागातल्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही, पण त्यांच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवल्याची गोष्ट त्यांना माहीत नव्हती. ‘उत्कृष्टता’ कोणाची, असा प्रश्न इथे आपोआप येतो. पैलवानाची तर आहेच, पण प्राचार्यांच्या त्या घराला कोणता स्टिकर लावायचा? स्टिकर उरले होते, पण कोणीच लावला नाही.

शेवटचं कार्ड 2024, पॅरिस, स्वप्निल कुसाळे, रायफल नेमबाजीत कांस्य. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. महाराष्ट्राच्या खेळाडूचं खाशाबांनंतरचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दोन कार्डांमध्ये बहात्तर वर्षं, म्हणजे सात मीटर वीस सेंटिमीटर. एका टोकाला मुलगा उभा केला, दुसऱ्या टोकाला मुलगी, आणि मधल्या दोरीकडे बघायला सांगितलं. माझा प्रश्न तयार होता, ‘एवढी जागा रिकामी का?’ तो मला विचारताच आला नाही. एका मुलीने हात वर केला: “बाई, रिकामी नाहीये. मुरलीकांत पेटकर आहेत की.” तिने सिनेमा पाहिला होता. 1972, हायडेलबर्गचं पॅरालिंपिक, पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्ण. इस्लामपूरचा सैनिक, 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेला. खाशाबांच्या कार्डापासून बरोबर दोन मीटर.

आता कार्ड याच दोरीला लावायचं की पॅरालिंपिकची दुसरी दोरी बांधायची? पाठातल्या दहा प्रश्नांपैकी एकानेही एवढी चर्चा झाली नव्हती. स्पर्धा वेगळी आहे, म्हणून दोरी वेगळी, असं काहींचं म्हणणं. आपण दोरी वर्षांची बांधलीय, स्पर्धांची नाही, असं इतरांचं. तास संपला तरी निकाल लागला नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर कार्ड त्याच दोरीवर, पण कपड्याऐवजी कागदाच्या पिवळ्या चिमट्याने लावलेलं. कोणी लावलं ते मी विचारलं नाही.

घ्यायचा असेल तर जरूर घ्या, कार्डांची चित्रं चांगली आहेत आणि प्राचीन भाग विश्वासाने वापरता येतो. छापील कालरेषा वापरू नका, स्टिकर बाजूला ठेवा, ‘तुम्ही असता तर’ने सुरू होणारे प्रश्न काढा. कार्डांना लॅमिनेशन कराच, आमची पावसाळ्यात व्हरांड्यात भिजली आणि ऑगस्टमध्ये निम्मी पुन्हा छापावी लागली. दोरी कापताना 2024 च्या पुढे चाळीस सेंटिमीटर जास्त सोडा. आमची पोरं तिथे आत्ताच 2028, लॉस एंजेलिस, क्रिकेट असं पेन्सिलीने लिहिलेलं कार्ड लावून बसलीत, आणि पॅरिस 1900 मध्येही क्रिकेट होतं हे कळल्यापासून मधलं अंतर रोज कोणीतरी नव्याने मोजतं.