कोर्स बदलला, पण कारण कुठून सांगायचं?

माझा मावसभाऊ मेकॅनिकल इंजिनिअर. सातपूरच्या कारखान्यात सहा वर्षं क्वालिटीत काढून तो कॅनडात डेटा ॲनालिटिक्स शिकायला निघाला. हाच कोर्स का निवडला हे व्हिसा अधिकाऱ्याला सांगणारं पत्र म्हणजे एसओपी; त्याचे दोन मसुदे झाले.

पहिल्याची सुरुवात 'मला आकड्यांची आवड आहे' अशी. वाचायला गोड, पण व्हिसा अधिकारी विचारणारच: मग मेकॅनिकल का घेतलं, सहा वर्षं का थांबलास? त्याचं उत्तर त्यात नव्हतं.

दुसरा कामातून सुरू होतो. रोजच्या रिजेक्शनचे, म्हणजे तपासणीत नापास झालेल्या मालाचे आकडे तो एक्सेलमध्ये भरायचा. कुठल्या मशीनवर, कुठल्या पाळीत दोष वाढला ते नंतर कळायचं, आधी ओळखता येत नव्हतं. ही उणीव कोर्सचे कोणते दोन विषय भरून काढतील, ते त्याने नावानिशी लिहिलं. परतल्यावर नाशिकमध्ये कुठल्या पदावर काम करणार, तेही लिहिलं, कारण शिक्षण संपल्यावर तू परतशील याची अधिकाऱ्याला खात्री हवी असते.

मला दुसराच पटला. मात्र त्यातलं प्रत्येक काम अनुभवपत्रात दिसायला हवं. भावाच्या पत्रात नुसतं 'इंजिनिअर' होतं, म्हणून कामाचं स्वरूप लिहिलेलं नवं पत्र कंपनीकडून मागून घेतलं.