काठी-पिसांचं खेळणं, सात महिन्यांनी: लांबी बघूनच घ्या

ऑगस्टमध्ये खेळता खेळता पिसांचा झुबका सुटला आणि आमचं मांजराचं पिल्लू, चिंगी, तो तोंडात धरून कपाटाखाली पळाली. बाहेर काढून बघितलं तर दोरीच्या टोकाची कडी गंजून पार खाल्लेली. ३४९ रुपयांच्या वस्तूची चार महिन्यांत ही गत! विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, 'वापरामुळे झालेली झीज, बदलून मिळणार नाही.' खाऱ्या हवेत साधी लोखंडी कडी टिकत नाही, ती स्टीलची द्यायला हवी होती. यासाठी दोन तारे कापलेत.

उरलेले तीन तारे फक्त लांबीचे. काठी ९० सेंटीमीटरची आहे, आणि माझे हात वाचले ते त्यामुळेच.

चिंगी एप्रिलमध्ये मालवणच्या मासळीबाजारात एकटीच सापडली. डॉक्टरांनी दात बघून वय सहा आठवडे सांगितलं. भावंडांत वाढलेलं पिल्लू जोरात चावलं की समोरचं ओरडतं, खेळ सोडून जातं, आईही फटका देते. किती जोरात चावलं की खेळ मोडतो हे ते तिथं शिकतं. चिंगीला ते शिकवणारं कोणी नव्हतं, आणि आम्ही सगळे बोटं नाचवून तिला खेळवत होतो. सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "हात देव नको गो तेका, तां हाताकच उंदीर समाजता." मी ऐकलं नाही. आठवड्यात मनगटावर रक्त आलं. बाजारातलं पिल्लू, म्हणून वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुतलं आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची इंजेक्शनं घेतली. यात हयगय करू नका.

आधी १२० रुपयांची वीतभर काठी आणली होती. ती अजिबात घेऊ नका. पिसांवर झेप घेतली की पुढचा पंजा थेट मुठीवर येतो, म्हणजे खेळणं पुन्हा हातच. लांब काठीत पिसं एकीकडे पळतात, माणूस दुसरीकडे बसलेला असतो. पिल्लाच्या डोक्यात शिकार आणि हात वेगळे होतात, ते या अंतरामुळे.

पहिल्या पंधरवड्यात मी या लांब काठीला एकच तारा दिला होता, कारण चिंगी बघायचीच नाही. चूक माझी होती. मी पिसं तिच्या तोंडासमोर हलवत होते. भक्ष्य कधी मांजराच्या तोंडावर येत नाही. पिसं तिच्यापासून लांब, जमिनीलगत सरपटवली, पडवीच्या उंबऱ्याआड नेऊन थांबवली, टोक जरासं थरथरवलं. ती दबली, मागचे पाय हलवले आणि झेपावली. तेव्हापासून रोज पहाटे आणि तिन्हीसांजेला सात-आठ मिनिटं खेळते. शेवटी पिसं तिला पकडू द्यायची आणि लगेच जेवण. उकडलेला बांगडा, काटे काढून. खाल्लं की अंग चाटते आणि झोपते. पाय धरायला येत नाही.

तरी हात धरलाच तर हिसकायचा नाही. हिसकला की भक्ष्य पळाल्यासारखं होतं आणि दात आणखी रुततात. हात ढिला, निश्चल ठेवायचा. सोडलं की काही न बोलता उठून अर्धा-एक मिनिट दुसऱ्या खोलीत जायचं. ओरडणं, नाकावर टिचकी, पाणी उडवणं यातलं काही करू नका. ती घाबरते किंवा तोच खेळ समजते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, कान मागे, शेपटी आपटतेय, असं दिसलं की चावा येणारच. तेव्हाच खेळणं लांब टाकायचं. घरातल्या सगळ्यांनी हेच करायला हवं. आमच्याकडे पाहुणे भाचे बोटं नाचवायचे आणि दोन दिवसांची मेहनत वाया जायची.

जुलैत चावणं पुन्हा वाढलं. मला वाटलं सगळं फुकट गेलं. मग पडवी झाडताना तांदळाच्या कणीएवढा दात सापडला. दुधाचे दात पडत होते, सहाव्या महिन्याच्या सुमारास ते संपलं. तेवढ्या काळात जुन्या मोज्यात चिंध्या भरून तिच्याच लांबीची गुंडाळी शिवून दिली. ती पुढच्या पायांनी कवटाळते, मागच्यांनी लाथा मारते. काठीनं ही भूक भागत नाही, म्हणून दोन्ही लागतात.

कडीचं म्हणाल तर मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात गरीच्या दोरीला लावायची स्टीलची फिरती कडी दहा रुपयांना मिळाली. गरी नव्हे, फक्त कडी. दोरी तीच, पिसं नवी बांधली. तीन महिने झाले, गंज नाही. खेळून झालं की काठी कपाटात बंद करते. दोरी गिळली तर आतड्यात अडकून ऑपरेशनची वेळ येते.

काल चिंगीनं माझं बोट तोंडात धरलं, दात टेकवले आणि आपणहून सोडलं. कातडीवर ओरखडाही नाही.