पहिल्या चौकशीला जाणारा व्हॉट्सॲप मेसेज : एका हंगामाचा अनुभव

देवबागेत आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. चौकशा जवळजवळ सगळ्या व्हॉट्सॲपवर येतात आणि त्यातल्या बऱ्याचशा एवढ्याच असतात : ‘रेट?’ किंवा ‘रूम आहे का?’ तारीख नाही, माणसं किती ते नाही. दिवाळीच्या आधी मी व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये पहिल्या मेसेजला आपोआप जाणारं उत्तर लावलं. दिवाळी, नाताळ आणि मे महिना, तिन्ही गर्दीत ते वापरून झालं. गावाकडे लहान होमस्टे चालवणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

हे उत्तर `Business tools` मधल्या `Greeting message` मध्ये भरायचं असतं. आमचा सध्याचा मजकूर असा आहे :

> नमस्कार! देवबागला आमच्याकडे येण्याबद्दल विचारलंत, आनंद झाला. खोली आहे का ते नीट पाहून सांगण्यासाठी एवढं कळवा :
> १. कोणत्या तारखेला येणार, कोणत्या तारखेला निघणार
> २. मोठी माणसं किती, मुलं किती, मुलांची वयं
> ३. स्वतःच्या गाडीने, ट्रेनने की रात्रीच्या बसने
> ४. जेवण मासे की शाकाहारी
> आम्ही दुपारी ३ ते ५ आणि रात्री ९ नंतर उत्तर देतो. हा मेसेज आपोआप आला आहे. आमच्याकडून तारखेसह होकार येईपर्यंत खोली राखलेली नसते.

शेवटच्या दोन ओळी सगळ्यात महत्त्वाच्या आहेत. उत्तर कधी येईल ते कळलं की माणूस दर दहा मिनिटांनी ‘हॅलो?’ पाठवत नाही. सकाळी घावणे-चटणी आणि दुपारची जेवणं आटपेपर्यंत मी आणि माझी जाऊ फोन हातात घेऊ शकत नाही, ते न सांगता समजतं. आणि ‘खोली राखलेली नसते’ हे स्पष्ट असल्यामुळे, आपोआप आलेल्या ‘आनंद झाला’ला होकार समजून कोणी ट्रेनची तिकिटं काढत नाही.

तिसरा प्रश्न बाहेरच्यांना फालतू वाटेल, पण आमच्याकडे त्याच्यावर पहिला दिवस ठरतो. कोकणकन्या मुंबईहून रात्री सुटते आणि सकाळी कुडाळला पोचते. पुण्याची रात्रीची बस तर उजाडता उजाडता मालवणात. आमची खोली मिळते दुपारी बाराला, कारण आधीचे पाहुणे दहाला निघतात आणि मग साफसफाई असते. ट्रेन किंवा बस म्हटलं की मी लगेच लिहिते : सामान ठेवायला, आंघोळीला आणि नाश्त्याला सकाळपासून या, खोली बारा वाजता. हे आधी कळलेलं असलं तर अंगणात बसलेली माणसं चहा पीत गप्पा मारतात. नसलं तर तोंडं पडलेली असतात.

आपोआप मेसेजने फक्त विचारायचं, कबूल काहीच करायचं नाही, असा माझा ठाम नियम आहे. खात्रीचा मेसेज मी स्वतः पाठवते. त्याचा सांगाडा `Quick replies` मध्ये ठेवला आहे. चॅटमध्ये `/pakka` लिहिलं की तो समोर येतो आणि मी रिकाम्या जागा भरते.

नाताळातलं एक बुकिंग उदाहरण म्हणून सांगते. पुण्याच्या एका कुटुंबाकडून उत्तर आलं : ‘२६ ते २८, ४ मोठे २ मुलं, कार, मासे.’ वरवर सगळं आलं, पण ‘२६ ते २८’ म्हणजे दोन रात्री की तीन? कोणी तीन दिवस मोजतं, कोणी दोन मुक्काम. म्हणून विचारलं, रविवारची रात्र इथे की घरी? ‘रविवारी जेवून संध्याकाळी निघू.’ म्हणजे रात्री दोन, पण खोली मात्र त्यांना संध्याकाळपर्यंत हवी होती, आणि रविवारी दुपारी दुसरे पाहुणे येणार होते. मुलं ११ आणि ४ वर्षांची. मोठ्याला वेगळी गादी, धाकटी आईजवळ. मग हा मेसेज गेला :

> शुक्रवार २६ डिसेंबर दुपारी १२ ते रविवार २८ डिसेंबर सकाळी १०. दोन रात्री, दोन खोल्या, एक जादा गादी.
> खोल्या : २,५०० × २ × २ = १०,०००. गादी : ५०० × २ = १,०००. एकूण ११,०००, नाश्ता धरून.
> जेवण वेगळं. माशाचा दर त्या दिवशीच्या बाजाराप्रमाणे, सकाळी सांगू.
> रविवारी दहानंतर सामान आमच्याकडे ठेवता येईल, दुपारचं जेवण मिळेल, खोली मिळणार नाही.
> ५,००० आगाऊ आले की खोल्या तुमच्या. यूपीआयवर नाव माझ्या जाऊबाईंचं दिसेल. उरलेले ६,००० आल्यावर.
> सगळं बरोबर असेल तर ‘हो’ कळवा, मग क्यूआर पाठवते.

‘हो’ आल्याशिवाय क्यूआर पाठवायचा नाही. खोट्या बुकिंगच्या फसवणुकी इतक्या झाल्यात की पैसे भरताना अनोळखी नाव दिसलं तर माणूस घाबरतो, आणि ते बरोबरच आहे. म्हणून नाव आधीच सांगते. माशाची ओळही कधी गाळत नाही. सुरमई आणि सरंग्याचा भाव लिलावात रोज हलतो, डिसेंबरात तर फारच. ताटाचा दर आधी बांधून दिला तर एक तर आपलं नुकसान, नाही तर तुकडा लहान.

आता खटकलेल्या गोष्टी. हा मेसेज पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जातोच, पण १४ दिवस बोलणं झालेलं नसेल तर त्याच माणसाला पुन्हाही जातो. नोव्हेंबरात पैसे भरून मोकळे झालेले पाहुणे डिसेंबरात लिहितात, ‘येताना काही आणू का?’ आणि त्यांना उत्तर मिळतं, ‘खोली राखलेली नसते’. एका काकांचा तर लगेच फोन आला, आवाज थरथरत होता. उपाय सोपा आहे. आगाऊ रक्कम आली की नंबर सेव्ह करायचा आणि मेसेजच्या `Recipients` मध्ये `Everyone not in address book` निवडायचं. नाव मी तारखेसह सेव्ह करते, म्हणजे फोन वाजला की कोण ते कळतं.

दुसरं म्हणजे लांबी. मजकूर मराठीत आणि खाली हिंदीत असा लावून पाहिला. मेसेज मोठा झाल्यामुळे तो मध्येच दुमडून ‘आणखी वाचा’ दिसायला लागलं, आणि खोली न राखण्याची ओळ नेमकी त्याच्या खाली गेली. आता आपोआप फक्त मराठी जातं. हिंदीत विचारणाऱ्याला हिंदी मजकूर दुसऱ्या शॉर्टकटने मी हाताने पाठवते.

दर आपोआप मेसेजमध्ये टाका असं बरेच जण सुचवतात. मी टाकत नाही. आमचा दर नाताळात वेगळा, जूनमध्ये वेगळा. पावसाळ्यात स्कुबा आणि किल्ल्याच्या बोटी बंद असतात, मासेही मोजकेच मिळतात, आणि ते दराबरोबरच सांगावं लागतं. फक्त दर विचारून गप्प होणारे काही जण यामुळे निसटत असतील, तर निसटू देत. चारही प्रश्नांची उत्तरं देणारा माणूस बहुतेक वेळा खरंच येतो.

थेट फोन करणाऱ्यांना या सगळ्याचा उपयोग नाही. त्यांच्याशी बोलणं झालं की तेच चार प्रश्न मी विचारते आणि खात्रीचा मेसेज व्हॉट्सॲपवर पाठवून ‘हो’ मागते. वयस्कर मंडळी कधी कधी म्हणतात, बोलणं झालंय की, परत लिहायचं कशाला? मग त्यांच्या मुलाचा किंवा सुनेचा नंबर घेते आणि मेसेज तिकडे पाठवते.