उणे 12 व्होल्टसाठी इन्व्हर्टिंग बक-बूस्ट की चूक कन्व्हर्टर?

12 व्होल्टच्या सप्लायवरून उणे 12 व्होल्ट, 1 अँपिअर काढायचे आहेत आणि आयसोलेशनची गरज नाही. अशा वेळी दोन सर्किटं समोर येतात: एका इंडक्टरचा इन्व्हर्टिंग बक-बूस्ट, आणि दोन इंडक्टरांचा चूक कन्व्हर्टर (स्लोबोदान चूक यांच्या आडनावावरून).

बरेच जण आधी आउटपुटचं सूत्र बघतात. तिथे काहीच ठरत नाही, कारण ते दोन्हींचं सारखंच आहे:

```
|Vo| = Vin · D / (1 − D)
```

D म्हणजे स्विच चालू असण्याचा वाटा. आपल्या उदाहरणात तो 0.5 येतो, डायोडमधल्या घटीमुळे प्रत्यक्षात किंचित जास्त. स्विचवरचा ताणही दोन्हींत तितकाच. बक-बूस्टमध्ये स्विच बंद असताना त्याच्या एका टोकाला इनपुटचे 12 आणि दुसऱ्या टोकाला आउटपुटचे उणे 12 असतात, म्हणजे त्याला 24 व्होल्ट पेलावे लागतात. वर बंद होतानाची रिंगिंग धरली तर 40 व्होल्टचा मॉस्फेट ही मला किमान निवड वाटते.

हा ताण विसरल्याने माझा एक बोर्ड गेला आहे. साधा बक आयसी उलटा जोडून इन्व्हर्टिंग बक-बूस्ट करता येतो, पण मग आयसीची ग्राउंड पिन उणे आउटपुटला जाते आणि आयसीला इनपुट अधिक आउटपुट असं सगळं व्होल्टेज दिसतं. 20 व्होल्ट मर्यादेचा आयसी 12 व्होल्टवर बक म्हणून निर्धास्त चालत होता. उलटा जोडल्यावर आउटपुट खाली उतरत गेलं आणि पूर्ण पातळी गाठण्याआधीच तो गेला.

फरक पडतो तो प्रवाहाच्या आकारात. 200 किलोहर्ट्झ आणि 47 मायक्रोहेन्री धरू. बक-बूस्टमध्ये स्विच चालू असताना इंडक्टर फक्त इनपुटला जोडलेला असतो, बंद असताना फक्त आउटपुटला. लोडला प्रवाह अर्ध्याच वेळात मिळतो, म्हणून इंडक्टरची सरासरी 1 नव्हे, Io/(1 − D) म्हणजे 2 अँपिअर. चालू असण्याच्या 2.5 मायक्रोसेकंदांत प्रवाह 12 × 2.5 / 47, म्हणजे सुमारे 0.64 अँपिअरने चढतो. त्रिकोणी लाट 1.68 ते 2.32 अशी फिरते आणि शून्याला टेकत नाही. लोड साधारण 0.16 अँपिअरच्या खाली गेला तर टेकेल, आणि मग वरचं सूत्र लागू होणार नाही. स्कोपवर हे लगेच कळतं: स्विच नोड मध्येच शून्याच्या आसपास झुलू लागतो.

इनपुट 9 व्होल्टपर्यंत उतरणार असेल, तर इंडक्टर त्या टोकाला निवडा. तिथे शिखर 2.6 अँपिअरवर जातं. व्होल्टेजचा ताण मात्र इनपुट सर्वांत जास्त असताना सर्वाधिक असतो. ही दोन वाईट टोकं वेगळी आहेत, हे अनेकदा सुटतं. चढत्या रेषेचं टोक शेवटी वर वळताना दिसलं, तर इंडक्टर सॅच्युरेट होतोय.

आता कपॅसिटर. बक-बूस्टच्या डायोडचा प्रवाह शून्यावरून एकदम 2.3 अँपिअरवर उडी घेतो. आउटपुट कपॅसिटरचा अंतर्गत रोध 50 मिलिओहम असेल, तर तेवढ्यानेच सुमारे 115 मिलिव्होल्टची पायरी दिसते. इनपुटकडचा प्रवाहही असाच तुटक असतो.

चूकमध्ये इनपुटला एक आणि आउटपुटला एक इंडक्टर आहे. दोघांतून सरासरी 1 अँपिअर सलग वाहतो आणि ऊर्जा मधला कपॅसिटर पलीकडे नेतो. प्रत्येकी 100 मायक्रोहेन्री घेतले तर रिपल 0.3 अँपिअर, आणि त्याच कपॅसिटरवर जेमतेम 15 मिलिव्होल्ट. पण स्विचची सुटका होत नाही: चालू असताना त्यातून दोन्ही प्रवाहांची बेरीज जाते, शिखर 2.3 अँपिअरच. शिवाय मधल्या कपॅसिटरवर कायम 24 व्होल्ट असतात आणि त्याला 1 अँपिअर आरएमएस सोसावा लागतो. तो इंडक्टरांशी रेझोनन्सही करतो, त्यामुळे बहुधा डॅम्पिंग द्यावं लागतं आणि लूप बसवायला वेळ जातो.

माझा कौल बहुतेक वेळा बक-बूस्टला, आउटपुटला लहानसा एलसी फिल्टर जोडून. त्याचा लूपही मनासारखा वेगवान होत नाही: या आकड्यांना उजव्या अर्ध्या प्रतलातला झीरो 20 किलोहर्ट्झजवळ येतो, म्हणून क्रॉसओव्हर 4–5 किलोहर्ट्झवर थांबवावा. इनपुट आणि आउटपुट दोन्ही बाजूंना शांत प्रवाह हवा असेल, म्हणजे त्याच सप्लायवर संवेदनशील मापन सर्किट बसलं असेल, तर चूकचा जास्तीचा इंडक्टर आणि लूपवरची मेहनत मी मान्य करेन. दोन्ही फिल्टर लावूनही बक-बूस्टला तो शांतपणा गाठता येतो, पण तेव्हा इंडक्टरांची संख्या चूकपेक्षा एकाने जास्त होते.