फोटोतून गुणविभागणी काढणारं ॲप : दहावीच्या पेपरांवर शैक्षणिक वर्षभर वापरल्यानंतर

खानापुरात मी मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलांची गणित-विज्ञानाची ट्यूशन घेते. पेपराचा फोटो काढायचा, ॲपने त्यातला मजकूर आणि गुणांचा तक्ता वेगळा करून द्यायचा, आणि त्यावरून कोणत्या मुलाने कशाच्या उजळणीला किती वेळ द्यायचा ते ठरवायचं, यासाठी गेल्या जूनमध्ये एका ॲपची वर्षाची वर्गणी 499 रुपये भरली. आता नूतनीकरणाला 799 मागतायत. एवढे पैसे द्यायचे का, हे ठरवताना जे हाती लागलं ते लिहिते. फोटो, मजकूर, एक्सेल हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

आधी एक सांगते. तुमच्या घरी एकच मूल आणि एकच पेपर असेल तर असलं काही घेऊ नका. आपल्या कर्नाटक बोर्डाच्या गणिताच्या पेपरात प्रत्येक मुख्य प्रश्नाच्या उजव्या कडेला गुण छापलेले असतात. सहा ओळी आहेत, वहीत उतरवायला दोन मिनिटंही लागत नाहीत. माझ्याकडे मात्र वेगवेगळ्या शाळांचे सराव पेपर येतात, आणि विज्ञानाच्या पेपरात भौतिक, रसायन, जीव असे तीन भाग, त्या प्रत्येकात पुन्हा एक, दोन, तीन, चार गुणांचे गट. असे पेपर साठले की हाताने उतरवताना संध्याकाळ जाते.

सुरुवातीला ॲप आवडलं. सरळ, स्वच्छ फोटो दिला तर मराठी मजकूर बऱ्यापैकी वाचतं, जोडाक्षरंही फार चुकत नाहीत. भांडण झालं ते गणिताच्या पूर्वपरीक्षेच्या पेपरावरून. ॲपच्या तक्त्यात एकूण गुण आले 72. पेपर 80 चा. पहिला मुख्य प्रश्न बहुपर्यायी, `8 × 1 = 8`. दुसरा एका गुणाचे लघुप्रश्न, तोही `8 × 1 = 8`. दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या, म्हणून ॲपने दुसरी ओळ पुनरावृत्ती समजून गाळली होती. मदतकेंद्राला लिहिलं तर उत्तर आलं, फोटो अस्पष्ट आहे. मी तोच फोटो मोठा करून दोन्ही ओळींना लाल चौकट करून पाठवला. पुन्हा तेच उत्तर, वर प्रकाशात फोटो काढण्याचा सल्ला. पैसे घेऊन बेरीज चुकवायची आणि दोष फोटो काढणाऱ्याच्या माथी मारायचा, याचा मला फार राग आला आणि अजून गेलेला नाही.

रागाच्या भरात बेळगावला अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याला विचारलं. त्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर टेसरॅक्ट बसवून दिलं. हे मूळ ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत तयार झालेलं, 2005 साली सर्वांसाठी खुलं केलेलं, चित्रातला मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर आहे. पूर्ण फुकट. मराठीची भाषा-फाइल वेगळी घ्यावी लागते.

पहिल्यांदा पूर्ण पान दिलं तेव्हा माझं मत होतं की यापेक्षा ॲप बरं. उजव्या कडेचे गुण त्याने वेगळा स्तंभ समजून मजकुराच्या शेवटी नेऊन टाकले. कोणता आकडा कोणत्या प्रश्नाचा, कळायला मार्ग नाही. शिवाय मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा चालू असल्या की 8 चा ४ होतो. छापील 8 चं वरचं टोक जरा पुसट असलं की तो देवनागरी चारासारखाच दिसतो, यात त्या सॉफ्टवेअरला तरी काय म्हणायचं. गुणाकाराच्या फुलीचं तर विचारूच नका. कधी x, कधी *, कधी टक्क्याची खूण, कधी नुसती मोकळी जागा. या एका फुलीपायी मी जितकं डोकं लावलं तितकं बाकी कशावरच नाही, कारण पुढचा सगळा हिशोब तिच्यावर उभा आहे.

मग त्याच मुलाने सुचवलं, "टीचर, सगळं पान कशाला देताय? कडेची पट्टी तेवढी कापून द्या." आणि माझं मत फिरलं. पानाच्या उजव्या बाजूची गुणांची पट्टी कापून वेगळं चित्र केलं, भाषा फक्त इंग्रजी ठेवली, आणि सगळी पट्टी म्हणजे एकच गठ्ठा आहे, ओळीने वाच, असं सांगितलं. ते `--psm 6` ने सांगता येतं.

```
tesseract patti.jpg stdout -l eng --psm 6
```

पेपर बऱ्याच पानांचा असतो, म्हणून पानागणिक पट्ट्या कापून एकाखाली एक लावल्या. त्याच पूर्वपरीक्षेच्या पेपराचं उत्तर असं आलं :

```
8x1=8
8x1=8
8x2=16
9x3=21
4x4=16
1x5=5
```

चौथी ओळ चुकलीय, 27 चे 21 झालेत. पण ती चूक पकडायला मला पेपर पुन्हा उघडावा लागला नाही. आपल्या बोर्डाच्या पेपरातली प्रत्येक ओळ स्वतःचा ताळा स्वतः घेऊन येते, किती प्रश्न, प्रत्येकी किती गुण, एकूण किती. एक्सेलमध्ये तीन रकान्यांत आकडे टाकायचे आणि चौथ्यात हे :

```
=A2*B2=C2
```

जिथे FALSE येईल ती ओळ चुकीची वाचली. नऊ त्रिक सत्तावीस, एकवीस नव्हे. आठाचा चार झाला तरी इथेच सापडतो, कारण चार एके आठ होत नाहीत. मात्र एखादी ओळ पूर्णच गळाली तर हा ताळा गप्प बसतो. त्यासाठी खाली एकूण बेरीज, ती 80 यायलाच हवी. ॲपने गाळलेली ओळ याच बेरजेत सापडली असती. दोन्ही ताळे जमले की मी डोळे मिटून पुढे जाते. शिवाय पट्टीवर आकडेच असल्याने पेपर मराठी असो की कन्नड, काम तेच. कन्नड भाषेच्या पेपरावरही हे चाललं, याचा मला खरंच आनंद झाला.

फोटोविषयी दोन गोष्टी, कारण निम्मं काम तिथेच बिघडतं. पालक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात तेव्हा तो दाबला जाऊन बारीक आकडे फुटतात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. दुसरं, पेपराचा कागद पातळ आणि दोन्ही बाजूंनी छापलेला असतो, मागची अक्षरं पुढे उमटतात आणि त्यातूनच नसलेले आकडे निर्माण होतात. पानामागे काळा कागद ठेवून फोटो काढला की मागचं छापील जवळपास नाहीसं होतं.

आता याचा उपयोग. एका मुलीच्या हाती परीक्षेपूर्वी गणिताच्या उजळणीला 30 तास होते. नुसत्या गुणांच्या प्रमाणात वाटले तर एका गुणाच्या प्रश्नांना (दोन्ही मिळून 16 गुण) 6 तास, दोन गुणांच्यांना 6, तीन गुणांच्यांना 10, चार गुणांच्यांना 6 आणि पाच गुणांच्या एका प्रश्नाला 2. दिसायला छान, पण हे वाटप मुलीकडे न बघता केलेलं आहे. पूर्वपरीक्षेत तिला त्याच क्रमाने 16 पैकी 14, 16 पैकी 12, 27 पैकी 13, 16 पैकी 6 आणि 5 पैकी शून्य मिळाले होते. म्हणजे गेलेले गुण 2, 4, 14, 10 आणि 5, एकूण 35. तेच 30 तास गेलेल्या गुणांच्या प्रमाणात वाटले तर पावणेदोन, साडेतीन, बारा, साडेआठ आणि सव्वाचार तास येतात. एका गुणाच्या प्रश्नांचा वेळ एवढा उतरतो आणि तीन-चार गुणांच्यांकडे वीस तासांवर जातो. मुलं नेमकं उलट करतात, येतं तेच पुन्हा पुन्हा सोडवत बसतात.

पाच गुणांच्या प्रश्नाचे सव्वाचार तास मात्र मी तसेच ठेवले नाहीत. तो प्रश्न एकच, कुठल्या प्रकरणातून पडेल सांगता येत नाही. त्यातले दोन तास काढून चार गुणांच्यांना दिले, कारण तिथे आलेख काढून रेषीय समीकरणांची जोडी सोडवण्यासारखे ओळखीचे प्रश्न असतात आणि सरावाने ते पक्के होतात. हा निर्णय कुठलाही तक्ता घेत नाही, तो आपण घ्यायचा.

याची मर्यादाही तितकीच मोठी आहे. पट्टीतून कळतात ते प्रश्नांचे प्रकार, प्रकरणं नव्हेत. प्रकरणवार गुण हवे असतील तर पूर्ण मजकूर वाचून प्रत्येक प्रश्नापुढे प्रकरण लिहावंच लागतं, आणि तिथे 'किंवा' गोंधळ घालतो. एकाच क्रमांकाखाली दोन प्रश्न असतात, दोन्हींचे गुण धरले की बेरीज 80 च्या वर जाते. मी दोन्ही प्रकरणं तिरकी रेघ देऊन एकाच ओळीत लिहिते आणि गुण एकदाच धरते.

चंदगडला राहणाऱ्या माझ्या बहिणीने मुलीचा महाराष्ट्र बोर्डाचा गणित भाग 1 चा पेपर पाठवला, तिथे माझी ही युक्ती चालली नाही. तो पेपर 40 गुणांचा, कडेला फुली नाही, नुसता आकडा. वर 'कोणतेही दोन सोडवा' असतं आणि खाली प्रश्न तीन असतात. गुण दोनांचेच, म्हणून प्रश्न मोजून गुणाकार केला तर 4 च्या जागी 6 येतात. ओळीचा ताळा तिथे नाहीच, फक्त 40 ची बेरीज उरते. तिला मी सांगितलं, तुझा एकच पेपर आहे बाई, वहीत उतरव.

ॲपबद्दल अखेरचं. मराठी प्रश्नांचा पूर्ण मजकूर मोबाइलवरच्या मोबाइलवर मिळतो, लॅपटॉप उघडावा लागत नाही, ही त्याची जमेची बाजू मी नाकारत नाही. प्रकरणं लावताना मला त्याचा उपयोग झाला. पण गुणांचा तक्ता हाच त्याचा मुख्य गुण म्हणून जाहिरातीत सांगतात, आणि सारख्या दोन ओळी अजूनही त्यातून एकच होऊन येतात. परवाच नव्या पेपरावर तपासलं, पुन्हा 72. वर्गणी भरलेली नाही. टेसरॅक्टमध्ये मराठीची फाइल टाकून घेतलीय, या जूनपासून पूर्ण मजकूरही त्यातूनच काढून बघणार आहे.