‘मेला’, ‘मारले’ की ‘मारली गेली’? हिब्रू कथा वाचताना क्रियापदाचे रूप ठरवणे

हिब्रू बायबलमधला एखादा कथाभाग मराठीत आणणाऱ्याला पहिला निर्णय क्रियापदाच्या साच्याचा घ्यावा लागतो. हिब्रूत या साच्याला ‘बिन्यान’ म्हणतात. धातू एकच असतो आणि साचा बदलला की वाक्यातला कर्ता बदलतो. ‘मरणे’ या अर्थाचा ‘मूत’ हा धातू घेतला तर हे सगळे एकाच ठिकाणी तपासता येते.

साध्या साच्यात ‘वय्यामोत’ म्हणजे ‘आणि तो मेला’. प्रयोजक हिफील साच्यात ‘वय्यामेत’ म्हणजे ‘आणि त्याने मारले’. मराठीतही ‘मरणे’वरून ‘मारणे’ होते, त्यामुळे इथवर आपल्याला अडचण येत नाही. खरा प्रश्न पुढे आहे, कारण याच धातूला तीव्रतादर्शक रूपही आहे. एरवी हे काम पीएल साचा करतो, पण ज्या धातूंच्या मधले अक्षर स्वरात विरते त्यांना त्याऐवजी पोलेल साचा लागतो आणि शेवटचे व्यंजन दोनदा येते: ‘वय्मोतेतेहू’.

दावीद आणि गल्याथाच्या कथेत ही दोन्ही रूपे लागोपाठ येतात. १ शमुवेल १७:५० मध्ये दावीद गोफणीने पलिष्टी गल्याथाला मारतो, तिथे हिफील आहे. लगेच ५१ व्या वचनात तो धावत जाऊन गल्याथाचीच तलवार उपसतो, तिथे पोलेल आहे, आणि मग शिरच्छेद. दोन्हीकडे ‘ठार मारले’ लिहिले तर एक माणूस दोनदा मेल्यासारखा दिसतो. पोलेलला ‘अधिक जोराने मारले’ असे वाचूनही काही साधत नाही.

हे रूप इतर कथांत कुठे येते ते पाहिले की तिथला अर्थ उघड होतो. शास्ते ९:५४ मध्ये एका स्त्रीने टाकलेल्या जात्याच्या तळीने अबीमलेखाची कवटी फुटली आहे. तो आपल्या शस्त्रवाहकाला सांगतो, तलवार काढ आणि मला मारून टाक, तिथे पोलेल. २ शमुवेल १ मध्ये अमालेकी तरुणाच्या सांगण्यानुसार घायाळ राजा शौल त्याला हेच विनवतो, तिथेही पोलेल. १ शमुवेल १४:१३ मध्ये योनाथानापुढे शत्रू पडत जातात आणि मागून त्याचा शस्त्रवाहक त्यांना संपवत जातो, पुन्हा पोलेल. आधीच पडलेल्याचा उरलासुरला जीव घेणे, हा याचा अर्थ. म्हणून ५० व्या वचनाला मी ‘ठार केले’ ठेवीन, कारण तिथे निवेदक सगळ्या लढतीचा निकाल एका वाक्यात सांगतो, आणि ५१ ला ‘त्याचा जीव संपवला’.

‘तीव्रतादर्शक’ या नावावर फार विसंबू नये. ‘दिब्बेर’ हे पीएलच, पण त्याचा अर्थ नुसता ‘बोलला’. त्यात ओरडणे नाही. हिब्रूचे अभ्यासक एर्न्स्ट येन्नी यांनी १९६८ मध्ये पीएलचा भर कृतीच्या जोरापेक्षा तिच्यातून निघणाऱ्या परिणामावर असतो असे मांडले. सगळ्या धातूंना ते लागू पडत नाही, पण कथेत ‘किती जोरात?’पेक्षा ‘शेवटी काय झाले?’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

कर्मणी रूपाचा निर्णय वेगळा आहे, कारण तिथे निवेदक काय झाकतो हे पाहायचे असते. राणी अथल्येच्या अंताची कथा २ राजे ११ मध्ये आहे. यहोयादा याजक बजावतो की तिला परमेश्वराच्या मंदिरात मारले जाऊ नये. १६ व्या वचनात तिला धरून राजवाड्याच्या घोड्यांच्या वाटेने नेतात, ‘वत्तूमात शाम’, आणि तिथे ती मारली गेली. हा हिफीलचा कर्मणी साचा, हॉफाल. मारणारा कोणीतरी आहेच, पण वाक्य त्याच्याकडे वळत नाही. लक्ष राहते ते जागेवर, कारण याजकाचा हुकूम जागेबद्दलच होता. २० व्या वचनात मात्र हिफील: तिला त्यांनी तलवारीने मारले. आता नगर शांत झाले आहे आणि हत्यारही सांगितले आहे. १६ व्या वचनात ‘त्यांनी तिला मारले’ लिहिणे सोपे वाटते, पण त्याने हा फरक पुसला जातो. ‘ती मेली’ तर मुळीच नको. हॉफालमधला मारणारा त्यात नाहीसा होतो.

रूप ओळखताना एक सापळा आहे. स्वरचिन्हे नसलेल्या मजकुरात ‘वय्यामोत’ आणि ‘वय्यामेत’ अक्षरशः सारखेच लिहिले जातात. उत्पत्ति ३८:१० मध्ये ओनानाबद्दल हीच अक्षरे येतात. पण पुढे ‘गम ओतो’, म्हणजे ‘त्यालाही’, असे कर्म आहे; म्हणून तिथे हिफीलच वाचावे लागते, परमेश्वराने त्यालाही मारले. कर्म नसेल आणि आधीच्या वाक्यात घाव घातलेला असेल तर साधे रूप जुळते. अबीमलेखाच्या कथेत तसेच आहे: विनंती पोलेलमध्ये, पण शस्त्रवाहकाने भोसकल्यावर निवेदक फक्त ‘वय्यामोत’ म्हणतो. मराठीतही तिथे ‘आणि तो मेला’ एवढेच ठेवावे.